लिस्टमध्ये नाही, म्हणजे झालं

सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या त्या डाइंग मिलमध्ये सुवर्णा मेंटेनन्सच्या खोलीत बसायची. खोली कसली, जिन्याखालची जागा. एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि भिंतीपलीकडे चोवीस तास धडधडणारी मशीनं. डिंडोलीहून रोज शेअर रिक्षाने येणं, रिक्षानेच जाणं. घरी नवरा एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात, मुलगी धनश्री पाचवीत. अशा बाईकडून मिलने अपेक्षा ती काय केली असणार? चलनं फाइलला लाव, सामानाच्या चिठ्ठ्या लिही, साहेब आले की उठून उभी राहा. एवढं ती दोन वर्षं करत होती.

ही नोकरी तिला लोटूकाकांनी लावून दिली होती. लोटूकाका म्हणजे मिलचे फिटर. बावीस वर्षं तिथेच. सुवर्णाचे वडील आणि ते शिंदखेड्याकडून एकाच साली सुरतेत आले. वडील लूमवर राहिले आणि लूमवरच संपले, लोटूकाका पाने-पक्कड घेऊन मिलमध्ये गेले. सुवर्णासाठी ते मॅनेजरसमोर उभे राहून म्हणाले होते, "मन्ही पोर समजा." मॅनेजरला अहिराणी कळत नव्हती, पण लोटूकाका एरवी काही मागत नाहीत हे कळत होतं.

डिंडोलीतच संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लास होता. सुवर्णाने तो चार महिने केला. कॉलेजची पोरं मागे बसून फिदीफिदी हसायची, की या मावशी पायथन शिकून काय करणार. मावशींनी काय केलं ते सांगते. मिलमध्ये दुरुस्तीची कामं एका पांढऱ्या बोर्डावर लिहीत. कोणाचा खांदा घासला की काम पुसलं जायचं, मग आठ दिवसांनी तेच मशीन बोंब मारायचं. सुवर्णाने पंचेचाळीस ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली आणि तिला नाव दिलं kaam.py. काळ्या खिडकीत add लिहून पुढे काम टाइप केलं की काम नोंदलं जाई, list म्हटलं की सगळी कामं आकड्यांसकट दिसत, आणि done लिहून पुढे आकडा टाकला की ते काम यादीतून जाई. कॉम्प्युटर बंद झाला, लाइट गेली, तरी कामं जागच्या जागी. कारण प्रत्येक बदलानंतर स्क्रिप्ट सगळी यादी kaam.json नावाच्या फाइलीत लिहून ठेवी आणि पुढच्या वेळी तिथूनच वाचून घेई. पहिल्या दिवशी ती फाइल उघडून पाहिली तर मराठी अक्षरांच्या जागी उलट्या रेघा आणि आकड्यांचा चिवडा. रात्रभर तिला झोप नाही. दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांनी सांगितलं, लिहिताना ensure_ascii ला False सांगा आणि फाइल utf-8 मध्ये उघडा. तसं केलं आणि फाइलीत स्वच्छ वाचता आलं: "जेट २ चा व्हॉल्व्ह गळतो". त्या एका ओळीकडे ती किती वेळ बघत बसली होती, हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

वर्षभरात मिल त्या यादीवर चालायला लागली. रोज सकाळी सुवर्णा यादी छापून जिन्याजवळ चिकटवी आणि जुना कागद फाडून टाकी. शिफ्टचा इनचार्ज तो कागद बघूनच मशीन सोडायचा: ज्याचं नाव कागदावर, ते चालवायचं नाही, ज्याचं नाही, ते चालू. मिलमध्ये बोलायची पद्धतच पडली, लिस्टमध्ये नाही, म्हणजे झालं.

लोटूकाकांना आकडे येत होते, अक्षरं येत नव्हती. सकाळी सुवर्णा कागद वाचून दाखवी आणि ते कुठला आकडा कुठलं काम ते डोक्यात पक्कं करून जात. नऊ कामं असोत की पंधरा, कधी चुकले नाहीत. संध्याकाळी हात पुसत दारात उभे राहून फक्त आकडे सांगत. "पोरी, दोन, सात, आनि अकरा व्हई गयं."

आता यात एक मेख होती आणि ती सुवर्णाला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होती. कामाला स्वतःचा असा आकडाच नव्हता. फाइलीत नुसती कामं होती, एकाखाली एक. आकडे list म्हटल्यावर स्क्रिप्ट वरून मोजून लावायची. म्हणजे तीन नंबरचं काम काढलं की चार नंबरचं तीन होई, पाचचं चार, आणि भिंतीवरचा कागद त्या क्षणापासून खोटा. तिने त्यावर तोडगा काढला होता: नेहमी खालून वर खोडायचं. आधी अकरा, मग सात, मग दोन. खालचं काढलं तर वरचे हलत नाहीत. प्रत्येक कामाला कायमचा नंबर देणं हा खरा इलाज, हेही तिला माहीत होतं. पण यादी चालत होती, मॅनेजर पाहुण्यांना आणून दाखवत होता, आणि तिची युक्ती तिच्या बोटांत बसली होती. ती तिने कुणाला सांगितली नाही. विसरली म्हणा, किंवा आपल्या वस्तूत खोट आहे हे सांगायला जीभ रेटली नाही म्हणा. मला विचाराल तर दुसरंच खरं.

तो बुधवार होता. धनश्रीच्या शाळेत पालकांची मीटिंग, म्हणून सुवर्णा अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन निघाली. यादीवर नऊ कामं होती. तीन नंबर कॉम्प्रेसरचा पट्टा, पाच नंबर पाण्याचा पंप, सहा नंबर जेट चारच्या झाकणाचं लॉक. जेट म्हणजे कपडा रंगवायचं बंद मशीन; आत उकळतं पाणी दाबाखाली फिरत असतं, आणि दाब उतरल्याशिवाय झाकण उघडू नये म्हणून ते लॉक. लॉकचा पार्ट यायचा होता, म्हणून जेट चार आठवडाभर बंद.

जाताना तिने सुमितला सांगितलं, "संध्याकाळी काका आकडे सांगतील, तेवढे done करून टाक." सुमित नवा सुपरवायझर, डिप्लोमा झालेला, शहरातल्या पर्वत पाटियाला राहणारा, वडील बँकेत. मुलगा वाईट नव्हता. त्याने विचारलं, "बस, एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच." बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता.

संध्याकाळी लोटूकाकांनी पंपाजवळूनच सुमितला फोन केला, तीन आणि पाच झालं. सुमितने आधी तीन टाकलं, मग पाच टाकलं. कुणीही तसंच टाकलं असतं.

गुरुवारी सकाळी सुवर्णाने यादी छापली, जुना कागद फाडला आणि काकांना वाचून दाखवायला लागली. चौथं काम पंप. काका म्हणाले, "पंप ते मी कालदिनच करा."

"सुमितच्या हातून राहिलं असेल," असं म्हणून तिने तिथल्या तिथे done 4 टाकलं.

काकांनी सगळी यादी ऐकली. मग म्हणाले, "आनि झाकननं काय?"

सुवर्णाने कागद पुन्हा वरून खाली पाहिला. झाकण नव्हतं. तेव्हा एक मिनिट जरी थांबली असती. पण स्टोअरचा माणूस दारात उभा होता, फोन वाजत होता, आणि वर्षभर ती यादी एकदाही चुकली नव्हती. "लिस्टमा नही म्हनजे व्हई गयं, काका. पार्ट वना आसीन, रातपाळीवालास्नी बसाडं आसीन."

काकांनी मान डोलावली आणि गेले. शिफ्टच्या इनचार्जने कागद पाहून जेट चार चालू करायला सांगितलं.

शनिवारी दुपारी वाल्मिकने जेट चारचं झाकण उघडलं. वाल्मिक धरणगावकडचा, चाळिशीचा, बारा वर्षं जेटवर. दाब उतरला असं त्याला वाटलं होतं, आणि नसेल उतरला तर लॉक उघडूच देणार नाही, हे बारा वर्षं खरं होतं. उजवा हात, छाती आणि मानेचा अर्धा भाग भाजला. सुवर्णाला जिन्याखाली आधी किंकाळी ऐकू आली, आणि मग सगळी मशीनं एकेक करून बंद होत गेल्याचं ऐकू आलं. मिल इतकी शांत तिने कधी ऐकली नव्हती.

वाल्मिक वाचला. हात पुन्हा कामाचा होईल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते.

सोमवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये चौकशी झाली. सरकारी साहेब येणार होते, त्याआधी कागद तयार हवे होते, आणि कागदावर एक नाव हवं होतं. सुमितने सांगितलं ते खरंच सांगितलं: काकांनी तीन आणि पाच म्हटलं, मी तीन आणि पाच टाकलं.

"मी पाच सांगं व्हतं," लोटूकाका म्हणाले. "पाच म्हनजे पंप. झाकनले मी हातच नही लाया."

मॅनेजरने इनचार्जकडे पाहिलं. इनचार्ज हुशार माणूस. स्वतःवर येऊ नये म्हणून जेट चार सुरू करतानाच त्याने गुरुवारच्या कागदाची झेरॉक्स काढून खिशात ठेवली होती. ती त्याने टेबलावर उलगडली. कागदावर पंप होता. झाकण नव्हतं.

"काका," मॅनेजर हिंदीत म्हणाला, "पंप तो गुरुवार को बाकी था. लॉक नहीं था. मतलब पाँच नंबर पे लॉक ही था. तो बुधवार को आपने क्या बोला?"

बुधवारचा कागद कुणाकडे असणार? सुवर्णाने स्वतःच्या हाताने फाडून टाकला होता. आणि फाइलीत फक्त आजची यादी. गेलेल्या कामाचा तिथे मागमूस राहत नसे, तिने ती तशीच बांधली होती. लोटूकाका त्या कागदाकडे बघत राहिले. अक्षरं त्यांना येत नव्हती, तरी बघत राहिले. मग त्यांनी सुवर्णाकडे पाहिलं, आधारासाठी नव्हे, तर कागद काय म्हणतो ते तिने वाचून सांगावं म्हणून, रोज सकाळसारखं. तिने वाचून सांगितलं. कुठे चुकलं ते तिला तेव्हा खरोखर कळलं नव्हतं.

परत जिन्याखाली येऊन ती खुर्चीवर बसली आणि काळी खिडकी उघडली. पॉवरशेलची ही खिडकी बंद करून उघडली तरी आधी टाइप केलेल्या ओळी लक्षात ठेवते. वरच्या बाणाचं बटण दाबत गेलं की एकेक मागची ओळ येते. ती दाबत गेली. शनिवारचं, शुक्रवारचं, मग गुरुवारचं, तिने स्वतः टाकलेलं done 4. त्याच्या मागे बुधवारची शेवटची ओळ, done 5. आणखी एकदा दाबलं. done 3.

आधी तीन, मग पाच. वरून खाली.

तिने बोटांवर मोजलं. तीन गेलं, चारचं तीन झालं, पाचचं चार, सहाचं पाच. मग तिने दुसऱ्या फोल्डरमध्ये स्क्रिप्टची नक्कल केली, नऊ खोटी कामं भरली, done 3 टाकलं, done 5 टाकलं आणि list म्हटलं. सहावं काम गेलं होतं. पाचवं चौथ्या नंबरवर निवांत बसलं होतं. काका खरं बोलत होते. सुमितही. स्क्रिप्टने तर सांगितलं तेवढंच इमानेइतबारे केलं होतं.

तिने मोबाइलवर पडद्याचे फोटो काढले आणि तशीच मॅनेजरकडे गेली. हे तिच्या बाजूने सांगायला हवं, कारण पुढे सांगण्यासारखं फार नाही.

मॅनेजरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माणूस समजदार होता, सगळं समजला. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "बेन, आ प्रोग्राम कोणे बनाव्यो?"

"मी."

"कंपनीने कहा था बनाने को?"

 कंपनीने सांगितलं नव्हतं. पाहुण्यांना दाखवलं मात्र होतं.

"तो लिखके दे दो. मेरे प्रोग्राम में गलती थी, मुझे एक साल से मालूम थी, मैंने किसी को बताया नहीं. मैं काका का नाम काटके तुम्हारा लिख देता हूँ. पुलिस भी पूछेगी, वो भी सोच लो." त्याने तिच्यापुढे कोरा कागद सरकवला, पेन ठेवलं. आवाज अजिबात चढवला नाही. "काका तो वैसे भी साल-दो साल में जानेवाले थे. तुम्हारी बेटी अभी कौन-सी में है?"

 सुवर्णाने पेन हातात घेतलं. तारीखही लिहिली. मग तिने कागदाची घडी केली, पर्समध्ये घातली आणि म्हणाली, "उद्या देते." उद्या तिने दिला नाही. परवाही नाही. मॅनेजरने पुन्हा कधी मागितला नाही, आणि त्याच्या या चांगुलपणाचा तिला जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल.

लोटूकाकांना घरी बसवलं. बावीस वर्षांच्या कामावर एक ओळ पडली: काम न करता झालं असं सांगितलं, त्यामुळे कामगार जखमी. मिलमधल्या माणसांनी फार काही म्हटलं नाही. म्हातारं झालं की होतं असं, एवढंच म्हटलं. वाल्मिकच्या बायकोने मात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत काकांकडे पाठ फिरवली. काका हातात मोसंबीची पिशवी घेऊन उभे होते.

त्याच आठवड्यात सुवर्णाने स्क्रिप्ट दुरुस्त केली. प्रत्येक कामाला फाइलीतच कायमचा नंबर दिला, तो पुन्हा कुणाला मिळणार नाही असा. काम झालं तरी ते खोडायचं नाही, फक्त झालं अशी खूण आणि तारीख, वेळ, सांगणाऱ्याचं नाव. तिला वाटलं होतं दोन दिवस लागतील. अर्धा तास लागला.

दोन महिने ती काकांच्या घराकडे फिरकली नाही. घर डिंडोलीतच, तिच्यापासून दहा मिनिटांवर. भाजी घ्यायला जायचा रस्तासुद्धा तिने बदलला. शेवटी एका रविवारी दुपारी, नवऱ्याला काही न सांगता, ती त्यांचा जिना चढली.

मंगलाबाईंनी दार उघडलं. लोटूकाका पलंगावर बसले होते, दाढी वाढलेली, पायाशी पान्यांची पेटी. तिला बघून त्यांना आनंद झाला. खराखुरा आनंद झाला, त्यानेच ती अर्धी मोडली.

"ये, माय. कशी शे तू? धनश्री कशी शे?"

तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. बसताक्षणी सांगायला सुरुवात केली. चूक मन्ही शे, काका. तुमी खरं सांगं व्हतं. तिने कागदावर नऊ रेघा काढल्या, तिसरी खोडली, राहिलेल्यांना पुन्हा आकडे घातले, पाचवी खोडली. मोबाइलवरचा फोटो दाखवला. ही बघा ओळ, हे तीन, हे पाच, आकडे तुम्हाला येतात. मॅनेजरने कागद पुढे केला होता आणि मी सही केली नाही, हेही सांगितलं. ते सांगताना ती रडली. काहीच लपवलं नाही.

काका नीट ऐकत होते. फोटोतल्या तीनवर आणि पाचवर त्यांनी बोट ठेवून पाहिलं. मग मोबाइल तिच्या हातात परत दिला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तू मन्हासाठे खोटं बोलानी गरज नही, पोरी."

"काका, खोटं नही. आई शप्पथ."

"तुन्ही लिस्ट कधी चुकेल नही. वरीसभर मी दखेल शे." ते अगदी शांतपणे, तिची समजूत घालावी तसं बोलत होते. "मन्हंच डोकं गयं, माय. मी झाकन करं आसं माले वाटनं आसीन, आनि मी सांगी दिधं. कागदवर लिखेल व्हतं, तूच ते वाची दखाडं ना सायबाले. वाल्मिकना हात मन्हामुळे गया. तू तुन्हा अंगवर कसाले लेस?"

तिने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. नऊ रेघा पुन्हा काढल्या. काका हसून मान डोलवत राहिले, लहान मूल काही दाखवायला आणतं तेव्हा डोलवतात तशी. त्यांच्या लेखी ती गणित सांगत नव्हती, माया करत होती. दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर ते मंगलाबाईंना म्हणाले, "दख, बापसारखी शे. चहा ठेव तिन्हासाठे." मंगलाबाई उठल्या, तेवढ्यात त्यांनी हाक मारून विचारलं, "गॅस बंद करा व्हता ना सकायले?"

"पेटाडाले जाई ऱ्हायनू ना आते," मंगलाबाई म्हणाल्या.

चहा झाला. निघताना मंगलाबाई तिला पोचवायला दाराबाहेर आल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.

"दिनमा दहा खेप गॅस दखतस. कुलूप लावं का, नळ बंद करा का, सगळं माले इचारतस. एकला बाहेर जात नहीत. सोतावर भरोसाच नही ऱ्हायना." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तू वनी ते बरं वाटनं त्यास्ले. पन ते लिस्टनं आते पुन्हा नको सांगू, बहिन. एकदाव त्यास्नी मानी लिधं शे. आते उकरी काढू नको."

सुवर्णा बरं म्हणाली. तिचं सांगून झालं होतं, सगळं सांगितलं होतं, आता कुणी तिला पुन्हा सांगायला लावणार नव्हतं. पर्समध्ये तो घडी केलेला कागद अजून होता, तारीख लिहिलेला. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की दोन महिन्यांत पहिल्यांदाच आपल्याला हलकं वाटतंय.